रुमालाचा कब्जा

यवतमाळच्या बसस्थानकावर सायंकाळी पाचच्या सुमारास, शाळा-महाविद्यालये, कचेऱ्या आणि बाजार ही तिन्ही जणू संगनमताने एकाच घटकेस सुटतात तेव्हा, दारव्हा-दिग्रसमार्गे पुसदला जाणारी एस.टी. फलाटाकडे वळताना दिसली, की तेथील समुदायात जी हालचाल होते तिला निव्वळ गर्दी म्हणणे हा त्या समुदायावर अन्याय आहे. ती वस्तुतः महसुली स्वरूपाची कारवाई असते. गाडीचे चाक अजून पुरते थांबलेले नसते, वाहकाने दाराला हात लावलेला नसतो, आणि तेवढ्यात खिडक्यांच्या गजांतून रुमाल, दुपट्टे, टोप्या व पिशव्या आत जाऊन आसनांवर विसावतात. म्हणजे मालक जमिनीवर आणि त्याचा कब्जा गाडीत, अशी एक चमत्कारिक कायदेशीर अवस्था क्षणभर निर्माण होते. चव्वेचाळीस आसनांचे वाटप एका मिनिटाच्या आत, मोजणीदाराशिवाय आणि स्टँपपेपरशिवाय उरकते. सातबाऱ्याच्या एका नोंदीसाठी तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजवलेल्या आपल्या जिल्ह्यात ही गती विशेष नजरेत भरते.

सर्वच वस्तूंचा कब्जा सारख्या वजनाचा नसतो, हे नवख्या प्रवाशाने ध्यानी घ्यावे. रुमाल हा सर्वांत दुबळा दस्तऐवज. तो वाऱ्याने उडतो, शेजारच्या आसनावर सरकतो, आणि पांढरे रुमाल सगळे एकसारखे असल्याने ओळख पटवणे कठीण जाते. टोपी त्याहून बरी, कारण बोडक्या डोक्याने हक्क सांगणारा इसम पुराव्यासकट हजर असतो. भाजीची पिशवी भक्कम, कारण ती उचलून बाजूला ठेवताना प्रतिपक्षाला वांगी सांडण्याची जबाबदारी पत्करावी लागते. मात्र या सर्वांवर मात करणारा हक्क म्हणजे खिडकीतून आत दिलेले सहा वर्षांचे पोर. ते आसनावर आडवे होऊन ‘इथं माही माय बसते’ असे जाहीर करते, आणि या सजीव कब्ज्यापुढे हरकत नोंदवण्याची छाती भल्याभल्यांना होत नाही.

खटला उभा राहतो तो रुमालवाला आणि दारवाला यांच्यात. असा एक खटला नमुन्यादाखल घेऊ. एका मध्यमवयीन शेतकऱ्याने खिडकीतून रुमाल टाकलेला आहे. तो लोटालोटीतून आत पोहोचतो तेव्हा त्या आसनावर एक बाई आपली थैली मांडीवर घेऊन बसलेल्या आहेत आणि रुमालाची घडी करून त्यांनी ती सौजन्याने समोरच्या दांडीवर ठेवली आहे. ‘बाई, रुमाल टाकला होता जी मी.’ ‘मंग तुमचा रुमाल हाय ना इथं, घ्या की!’ दोन्ही बाजू खऱ्या. एकाचा कब्जा आधीचा, दुसरीची वहिवाट प्रत्यक्ष. वाहकाकडे दाद मागावी तर तो, गेली अनेक वर्षे असले दावे ऐकून शहाणा झालेला असल्याने, ‘तुमचं तुम्ही पाहून घ्या’ म्हणून अधिकारक्षेत्र नाकारतो. मग पंच म्हणून आजूबाजूचे प्रवासी सरसावतात. कोणी रुमालाची बाजू घेतो, कोणी मातृशक्तीची, आणि शेवटी मागच्या बाकावरचे एखादे म्हातारबा निकाल देतात: ‘आखडून बसा ना बापा, दोघाच्या जागी तिघं मावतात.’ अपील नसते. खिडकीजवळचा इसम अंग चोरतो, बाई मध्ये सरकतात, शेतकरी कडेला एका मांडीवर टेकतो, दुसरा पाय वाटेत सोडतो, आणि गाडी यवतमाळची हद्द ओलांडायच्या आत तिघांत कपाशीच्या भावाची चर्चा सुरू झालेली असते. बाईंची नणंद दिग्रसला, शेतकऱ्याचा साडूही दिग्रसला, एवढे निष्पन्न झाल्यावर मूळ दावा आपोआप निकालात निघतो.

ज्यांना आसन लाभले नाही त्यांच्यासाठी वारसाहक्काची सोय आहे. वरच्या दांडीला लोंबकळणारा अनुभवी प्रवासी प्रथम जागेकडे पाहतच नाही. तो बसलेल्यांचे चेहरे वाचतो आणि मग अत्यंत नम्रपणे विचारतो, ‘कुठं उतरता जी?’ लाडखेड असे उत्तर आले, की तो त्या आसनाशेजारी मुक्काम ठोकतो आणि मधल्या काळात दुसरा कोणी रेंगाळू लागला तर ‘मी बोलून ठेवलो’ अशी नोंद तोंडी दाखल करतो. ही नोंद सर्वमान्य असते. मात्र खोटे गाव सांगणारेही असतात, आणि त्यांना ओळखण्याची खूण साधी आहे: खरोखर उतरणारा मनुष्य गाव येण्याआधीच पिशवीची गाठ तपासतो, पायाने चप्पल शोधतो आणि बाहेरच्या झाडांकडे पाहू लागतो, जो लाडखेड म्हणाला आणि घोरू लागला तो दारव्ह्यापर्यंत हालत नाही, हे समजून उभ्याने वेळीच दुसरा वारसा शोधावा.

या सर्व गुंत्यातून वाहक तिकिटे फाडीत, म्हणजे आता यंत्रातून काढीत, पुढे सरकतो, ही गोष्ट स्थितिस्थापकत्वाच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगी आहे. भाड्याचा हिशोब सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी चालतो, तो यंत्र करते. पण माणसांचा हिशोब त्यालाच करावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. त्यामुळे आजोबा फुकट, आजी अर्ध्यात, आणि त्यांना दवाखान्यात नेणारा मुलगा पूर्ण भाड्यात, असे एकाच बाकाचे तीन भाव होतात. आजोबा लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेले आधार कार्ड काढतात. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी, जशी त्यांच्या पिढीतील निम्म्या गावाची असते. वाहक वर्ष पाहतो, मान डोलावतो आणि शून्य रुपयांचे तिकीट देतो, जे आजोबा पुन्हा त्याच चिंधीत जपून ठेवतात. मागच्या दाटीतून पाचशेची नोट सहा अनोळखी हातांतून पुढे येते, आणि सुटे नसल्याने तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली बाकी त्याच सहा हातांनी परत जाते. वाटेत ती कोठे गहाळ झाल्याचे ऐकिवात नाही.

याच दारव्ह्याच्या वाटेवर एकेकाळी शकुंतला धावत असे. किलिक निक्सन या विलायती कंपनीने कापूस वाहण्यासाठी घातलेली ती अडीच फुटी रुळांची मूर्तिजापूर-यवतमाळ गाडी १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली, आणि पुढे डिझेलवर चालून बंद पडली. मोठ्या रुळांची गाडी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंत पोहोचली. रेल्वेच्या डब्यात रुमालाचा कायदा लागू होईल की नाही, यावर आमच्या फलाटावर आताच मतभेद आहेत. आरक्षणाची पद्धत आली तर एवढे सगळे कसब वाया जाईल, अशी रास्त भीती काही जुन्या प्रवाशांनी बोलून दाखवली आहे.

तोपर्यंत वाचकांना विनंती एवढीच, की विचारल्यावर उतरण्याचे गाव खरे सांगावे, खिशात सुटे पैसे ठेवावेत, आणि रुमाल टाकायचाच तर निदान रंगीत टाकावा.