येणारी दिवाळी, कलम 18

बिल्डरच्या कॅलेंडरात एकच सण असतो, येणारी दिवाळी. कुठल्या वर्षाची, हे विचारणं असभ्य. वाकडला फ्लॅट घेतलेला आमचा भाचा ते विचारायला निघाला. त्याच्या पहिल्या मसुद्यात ‘विश्वासघात’ तीनदा होता आणि आईचा रक्तदाबही होता. मी दोन्ही खोडलं. बिल्डर लोक शिव्या पचवतात. त्यांना तारीख पचत नाही.

उरलं ते असं:

‘नोंदणीकृत करारनाम्यानुसार सदनिका 704 चा ताबा 31 डिसेंबर 2023 पर्यंत द्यायचा होता. त्याआधीच मी 54 लाख रुपये भरले. पावत्या जोडल्या आहेत. भोगवटा प्रमाणपत्र अद्याप नाही. मी व्यवहार रद्द करत नाही. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार 1 जानेवारी 2024 पासून ताब्यापर्यंत दरमहा व्याज द्यावे. ताब्याची तारीख पंधरा दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा महारेराकडे तक्रार करीन.’

‘रद्द करत नाही’ हे वाक्य दिसतं साधं, पण सगळी मेख तिथेच आहे. रद्द केलं तर पैसे सव्याज परत मागता येतात, पण मग घर विसरायचं. घर हवं असेल तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर दोन टक्के. सोयीसाठी दहा टक्के धरा, महिन्याला 45 हजार होतात. म्हणजे भाडं भरून वर चहापाण्याला उरतात.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं! वाळू महागली, मजूर गावी गेले, शिवाय महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची तारीख आता पुढची आहे. पण कायद्याच्या सबबींच्या यादीत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा आपत्ती आहेत. वाळूचा भाव नाही. आणि संकेतस्थळावरच्या नव्या तारखेने करारातली तारीख पुसली जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2017 सालीच सांगितलंय.

शेवटी प्रेमळ प्रस्ताव: ‘सर, फिट-आउटसाठी चावी घ्या ना, फर्निचर सुरू करा. फक्त या हमीपत्रावर सही.’ हमीपत्रात चौथ्या ओळीत बारीक अक्षरांत होतं, ‘विलंबाबाबत माझी कोणतीही मागणी नाही.’

घरच्या ग्रुपवर भाच्याने सारांश टाकला: ‘घर मिळणार आहे, पण तारीख माहीत नाही. उशिराचं व्याज मागितलंय. भोगवटा प्रमाणपत्र येईपर्यंत कोणीही चावी घ्यायची नाही, कशावरही सही करायची नाही. बाबा, तुम्ही तर अजिबात नाही.’

आत्याचं उत्तर लगेच आलं, ‘छान! मग वास्तुशांत दिवाळीत धरायची ना?’