साळ्याची बॅटरी

फटाक्यांचा फोटो काढणारा माणूस लोकांना आळशी वाटतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जटपुरा गेटजवळच्या आमच्या गच्चीवर अख्खी गल्ली जमते. खाली पोरं रॉकेट लावतात, वरून बाया पोरांवर ओरडतात, पुरुष ‘ओरडू नका’ म्हणून बायांवर ओरडतात, आणि मी ट्रायपॉडशेजारी केबलचं बटण हातात धरून नुसता उभा. डोळा कॅमेऱ्याला नाही, बोट शटरवर नाही. शेजारचे काका दरवर्षी न चुकता विचारतात, “काहून जी, बंद पडला काय?”

काकांचं म्हणणं असं की फटाका क्षणात फुटतो, तेव्हा फोटोही क्षणात हाणला पाहिजे. प्रत्यक्षात सेकंदाच्या दोनशेव्या भागात काढलेल्या फोटोत फूल येत नाही, चार ठिपके येतात. एकेक ठिणगी दोन-तीन सेकंद पेटत खाली येते आणि तिच्या त्या सगळ्या प्रवासाची रेघ म्हणजे आपली पाकळी. रेघ हवी तर शटर तेवढा वेळ उघडं पाहिजे.

यावर काकांचा पुढचा प्रश्न तयार असतो, आणि तो खरोखर हुशारीचा आहे. “इतका वेळ उघडं ठेवलं तर सगळं पांढरं नाही होणार?” नाही होणार, कारण पेटती ठिणगी एका जागी थांबत नाही. सेन्सरच्या एका बिंदूवरून ती निमिषात पुढे सरकते. शटर मागून चार सेकंद उघडं राहिलं की दहा, त्या बिंदूला काय त्याचं! रांगोळीची रेघ जाड की बारीक हे चिमटीवर ठरतं, बाई अंगणात किती वेळ बसली यावर नाही. इथली चिमूट म्हणजे छिद्र आणि आयएसओ. म्हणून आयएसओ १०० आणि छिद्र f/11 ठेवायचं. आयएसओ कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडला की तो काळं आकाश बघून घाबरतो, आकडा तीन-चार हजारांवर नेतो आणि लाल, हिरवं, जांभळं सगळं पांढरंफटक होतं. पाकळीच्या कडेला रंग आणि मधोमध नुसता पांढरा पट्टा दिसला, तर वेळेला दोष देऊ नका. छिद्र लहान करून f/16 वर न्या.

मग वेळ कशासाठी? जे हलत नाही त्याच्यासाठी. आमच्या गच्चीवरून गोंडराजांच्या परकोटाचा तुकडा दिसतो, त्यावर रस्त्याच्या दिव्यांचा पिवळा उजेड असतो. f/11 आणि आठ सेकंदांत परकोट बेताचा उजळतो, दगड ओळखू येतात, वर दोन-तीन रॉकेटं फुललेली असतात. वीस सेकंद ठेवलं तर रॉकेटं जास्त येतात, पण परकोट भरदुपारी काढल्यासारखा दिसतो आणि आकाशाला मातकट रंग चढतो. दोन्ही हवं असेल तर शटर बल्बवर उघडं ठेवायचं आणि रॉकेट नसताना भिंगापुढे काळी टोपी धरायची. टोपी भिंगाला लावायची नाही, नुसती पुढे धरायची. मागच्या दिवाळीत मी अशी टोपी धरताना पाहून काकांनी माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं पाहिलं.

बल्बमध्ये बटण दाबलं की शटर उघडतं, सोडलं की मिटतं. कधी दाबायचं हे कानानं ठरवू नये. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. रामाळा तलावापलीकडून किलोमीटरभरावर कोणी शॉट सोडला, तर त्याची ‘धप्प’ आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात आणि तोवर वर फूल फुटून गेलेलं असतं. वर चढणारी बारीक शेपटी दिसली की दाबायचं, शेवटची ठिणगी विझली की सोडायचं. सुतळी बॉम्बवाल्यांना आमच्या धंद्यात काही स्थान नाही. तो नुसता आवाज आहे आणि आवाजाचा फोटो येत नाही.

कॅमेऱ्यातली एक सोय मात्र आधीच बंद करावी. लांब एक्स्पोजरचा कणकणाट कमी करण्यासाठी आठ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी आठ सेकंद स्वतःसाठी एक काळा फोटो काढत बसतो. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगवाल्याचा सगळ्यात महागडा शॉट फुटतोच. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली, त्यात असे आठ-आठ सेकंद दान करणं परवडत नाही. शिवाय पहिल्या अर्ध्या तासात जे मिळेल तेच खरं. दिवाळीच्या दिवसांत वारा पडलेला असतो, धूर हलत नाही, आणि मग फुलं धुराच्या पोटात फुटतात. हिरवे फटाके आमच्या नागपूरच्या नीरीनं काढले याचा विदर्भीय म्हणून अभिमान आहेच, पण धूर त्यांचाही होतो.

फोकसची गोष्ट मात्र गडचिरोलीकडची. आरमोरी तालुक्यातली माझी सासुरवाडी. भाऊबीजेला आम्ही तिकडे असतो. धान कापून पुंजणे रचलेले, त्यामुळे वस्तीजवळ रॉकेट लावणाऱ्याला सासरे काठी दाखवतात. पोरं शॉटचा डबा घेऊन गावाबाहेर शाळेच्या मैदानावर जातात. मी दोनशे मीटरवर बांधाशी ट्रायपॉड रोवतो, त्याच्या मधल्या दांड्याला तांदळाची पिशवी लटकवतो म्हणजे तो हलत नाही. आणि समोर मिट्ट अंधार. अंधारात ऑटोफोकस भिंग पुढे-मागे फिरवत राहतो, कशावर थांबायचं त्याला कळत नाही, आणि बरेच कॅमेरे मग शटरच उघडू देत नाहीत. भिंगावरच्या अनंताच्या खुणेवरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. बरीच भिंगं त्या खुणेच्या पुढेही फिरतात. तेव्हा दूर एक दिवा पाहिजे. शहरात तो फुकट मिळतो, इथे साळा लागतो.

साळ्याला बॅटरी देऊन मैदानाच्या कडेला उभं केलं. बॅटरीच्या ठिपक्यावर फोकस घेतला, स्क्रीनवर मोठा करून पाहिला, ठिपका सगळ्यात बारीक दिसला तिथे भिंगाचं बटण AF वरून MF वर सरकवलं, फोकसच्या कड्यावर काळी चिकटपट्टी मारली. ट्रायपॉडवर नको असते म्हणून थरथर रोखणारी यंत्रणाही बंद केली. आता रात्रभर फोकसला हात नाही.

तेवढ्यात तिकडून आवाज आला, “भाऊजी, झालं का जी? इकडं वाघ फिरते म्हणतेत!”

ही काही थट्टा नव्हती. त्या पट्ट्यात संध्याकाळनंतर शेतात एकटं कोणी थांबत नाही. मी ‘ये, ये’ ओरडलो, पण त्याच वेळी पोरांनी डबा पेटवला. पहिली शेपटी वर चढली, मी बटण दाबलं, आणि साळा निघाला.

फोटो उत्तम आला. वर तीन फुलं, लाल आणि सोनेरी, कडेपर्यंत रंग शाबूत. आणि खाली, मैदानापासून माझ्या दिशेनं, बॅटरीची लखलखीत रेघ. साळा त्यात कुठेच नाही; अंधारातला चालता माणूस अशा फोटोत उमटत नाही. सुरुवातीला रेघ सरळ आहे. मग एकदम तुटते, कारण तिथे त्यानं बॅटरी मागे जंगलाकडे वळवली. पुन्हा सुरू होते ती हातभर वर, हातभर खाली.

सासऱ्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. फुलांबद्दल ते काही बोलले नाहीत. तुटलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “जवाईबापू, इथून पळाला ना हा?”

साळा म्हणतो, तो कॅमेऱ्याचा दोष आहे.