देऊळघाटचा नकाशा कसा बिघडवावा : नवख्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. संस्थेनं तुम्हाला देऊळघाटच्या जुन्या वस्तीचा लोकसहभागातून नकाशा करायला पाठवलं आहे. पैनगंगेच्या काठचं, मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणारं हे गाव. इथल्या माणसांनी आपली मोलाची ठिकाणं, त्यांच्या गोष्टी आणि त्यांच्यावरची संकटं स्वतः कागदावर मांडायची आहेत. काम बिघडवणं सोपं आहे. फक्त क्रमानं चला.

जागा ग्रामपंचायतीच्या सभागृहाचीच घ्या. वेळ दुपारी ३ ची आणि दिवस सोयाबीन सोंगणीतला. पुढच्या रांगेत खुर्च्या, खुर्च्यांवर पदाधिकारी, भिंतीवर उपग्रहचित्र. मार्कर सर्वात स्वच्छ शर्टवाल्याच्या हाती द्या. अर्ध्या तासात नकाशा तयार : देऊळ, मशीद, शाळा, पाण्याची टाकी आणि मार्करवाल्याचं घर, तेही जरा मोठंच. बाया शेतात, म्हातारी मंडळी ओट्यावर, पोरं दाराशी. चहा द्या, फोटो काढा, निघा.

एवढ्यानं समाधान होत नसेल, नकाशा खराच हवा असेल, तर थोडी मेहनत करावी लागेल. ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात शिवारफेरी झाली आणि सामाजिक नकाशा काढला गेला, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना यातलं निम्मं माहीत असतं. बाकीच्यांसाठी सांगतो.

आधी पायाचा कागद. तलाठ्याकडचा गाव नकाशा घेऊन निघालात तर फसाल. त्यात शेतांचे गट असतात, गावठाण म्हणजे मधली एक कोरी जागा. घरं तिथं दिसतच नाहीत. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजायचं ठरलं. ते चित्र मिळालं तर पायाला चांगलं. पण ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालचं भांडण दिसत नाही.

मापाचा हिशेब एकदा करून ठेवा. समजा, वस्ती ४०० मीटर लांब आणि ३०० रुंद आहे. १:५०० वर ती ८० बाय ६० सेंटिमीटर होते, टेबलावर छान बसते. पण खुणेला लावायची ८ मिलिमीटरची टिकली तिथं ४ मीटर जागा झाकते, म्हणजे दाटीच्या गल्लीत एक अख्खं घर. कोणता ओटा, कोणता दरवाजा, काही कळत नाही. १:२०० वर नकाशा २ मीटर बाय दीड मीटर होतो आणि टिकली सुमारे दीड मीटरवर येते. तो टेबलावर मावत नाही, हाच त्याचा फायदा. जमिनीवर अंथरला की खुर्ची निरुपयोगी होते. सगळे उकिडवे बसतात, आणि उकिडवं बसल्यावर पद जरा कमी दिसतं.

ज्यांना छापील नकाशा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आधी मोकळ्या अंगणात चुन्यानं किंवा रांगोळीनं गल्ल्या काढू द्या. सुरुवात नदीपासून करा, मग मोठा रस्ता, मग रोज पाणी भरायची वाट. आपलं घर शेवटी. घरापासून सुरुवात केली की प्रत्येकाचं घर गावाच्या मध्यभागी येतं.

बायांचा गट वेगळा, पोरांचा वेगळा, म्हाताऱ्यांचा वेगळा. शक्यतो बायांना त्यांच्याच मोहल्ल्यात, त्यांना फुरसत असेल त्या वेळी भेटा. तिन्ही नकाशे शेजारी ठेवले की काम खरं सुरू होतं. पुरुषांच्या कागदावर चौक असतो, बायांच्या कागदावर अंधारामुळे टाळायचा बोळ असतो. पोरांच्या कागदावर कुत्र्याची जागा हटकून असते. तिन्ही एकत्र करून ‘एकमत’ काढायची घाई झाली, तर समजा पुन्हा बिघडवायला लागलात. फरक तसाच राहू द्या. ठिकाणांची नावं बोलतात तशी लिहा, आणि मोहल्ल्यात उर्दू वाचणारे असतील तर त्या लिपीतही.

टिकल्यांचे रंग तीन : हिरवी म्हणजे जिव्हाळ्याची जागा, पिवळी म्हणजे गोष्ट, लाल म्हणजे धोका. पिवळीला क्रमांक द्या आणि गोष्ट वेगळ्या वहीत उतरवा. कुणी म्हणेल, “इथं बारव होती बाप्पा, बुजली आता.” केव्हा, असं विचारलं तर “लय जुनी गोष्ट.” तेव्हा सन मागू नका. “बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर?” असं विचारा. तुमचं लग्न झालं होतं का, थोरला शाळेत जात होता का? साल दहा वर्षांच्या आत येतं. तीन माणसं तीन गोष्टी सांगतील. तिन्ही लिहा, निवाडा करू नका. सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय नाव नकाशावर टाकू नका.

लाल टिकलीशी सर्वात जास्त बिघाड होतो. “त्यानं दोन फूट पुढं घेतलं” हे वाक्य कागदावर आलं की तुमची कार्यशाळा संपली, तंटा सुरू झाला. नियम असा ठेवा : माणूस लिहायचा नाही, जागेला काय होतंय ते लिहायचं. आणि प्रत्येक लाल टिकलीवर चालत जायचं.

समजा एक टिकली पांढऱ्या मातीच्या एका जुन्या घरावर आहे आणि शेजारी लिहिलंय : ‘भिंत पडते.’ गटातल्या दोघांना घेऊन तिथं जा. आजीला विचारा, ओट्याला किती पायऱ्या होत्या. तीन होत्या, आता एक दिसते. म्हणजे पायऱ्या गेल्या नाहीत, रस्ता वर आला. जुना काँक्रीटचा थर न काढता वर नवा टाकला, पुन्हा टाकला, आणि पावसाचं पाणी आता नालीऐवजी दारात येतं. मग भिंतीला हात लावा. खालच्या हातभर पट्ट्यात ओल आणि पांढरा लोणा असेल, आणि घरमालकानं काळजीपोटी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल, तर तो ठोकून पाहा. पोकळ वाजला तर आतली माती ओल धरून सुटलेली आहे. मातीच्या भिंतीला श्वास लागतो, सिमेंट तो कोंडतं. आता टिकलीखालचं वाक्य बदला : ‘रस्त्याची पातळी ओट्याच्या जवळ आली, पाणी पायव्यात मुरतं.’ पहिलं वाक्य म्हणजे नुसती हळहळ. दुसऱ्यावर ग्रामपंचायत काही करू शकते : पुढच्या रस्त्याआधी जुना थर उखडणं, नालीचा उतार तपासणं.

एका दिवसात सगळ्या लाल टिकल्या होत नाहीत. होत असतील, तर तुम्ही चालला नाहीत.

शेवटी ग्रामसभा. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. नकाशा आधी तिथं वाचा, मग मोठ्या सभेत. लाल टिकल्यांतल्या दोन-तीनच निवडून ठरावात शब्दशः घालून घ्या. पंधरा मागण्या एकत्र दिल्या तर त्यांतली एकही होणार नाही, याबद्दल निश्चिंत राहा.

आणि मूळ नकाशा गुंडाळून जिल्ह्याच्या कार्यालयात नेण्याचा मोह होईल. तुम्ही फोटो न्या. कागद आणि गोष्टींची वही गावातच, कुणालाही मागता येईल अशा ठिकाणी ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच कागदावर टिकल्या हलवायला या.