गर्दीचं भाडं

दुकान टेंभी नाक्यावर घ्यायचं की चरईच्या आतल्या गल्लीत, यावर आमच्या घरी जेवढा काथ्याकूट झाला, तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. दुकान वहिनीचं. ती ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. गाळा मात्र पसंत करणार आमचा दादा, कारण सुई-दोरा सोडून बाकी सगळं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे.

एजंटने दोन्ही गाळे दाखवले. नाक्यावरचा दहा बाय दहा, भाडं साठ हजार, डिपॉझिट सहा महिन्यांचं. गल्लीतला तेवढाच, भाडं पंधरा. पहिला ‘मोक्याचा’, दुसरा ‘शांत, फॅमिली एरिया’. मोक्याची किंवा शांत यांपैकी एकही नसलेली जागा एजंट लोकांनी ठाण्यात अजून शिल्लक ठेवलेली नाही.

“गर्दी बघ, गर्दी!” दादा म्हणाला. मी बघितली. सकाळी माणसं स्टेशनाकडे धावत होती. नऊच्या आत लोकल पकडायची असलेला माणूस दुकानाकडे बघतो तो फक्त आडोसा म्हणून. तीच माणसं संध्याकाळी जांभळी नाक्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन रमतगमत परतताना थांबतात, भाव विचारतात, वळतात. म्हणून गाळा बघायचा तर परतीच्या वाटेवरचा बघावा, आणि पुढून गेलेली माणसं मोजण्यापेक्षा शेजारच्या दुकानाची पायरी चढलेली मोजावीत. शक्यतो मंगळवारी संध्याकाळी. एजंट आपल्याला रविवारीच का नेतो, हे तेव्हा लक्षात येतं.

दादाचं हुकमी पान नवरात्राचं होतं. आनंद दिघे यांनी 1978 साली सुरू केलेला इथला उत्सव, देवीच्या दर्शनाला लोटणारं अख्खं ठाणं! “नऊ दिवसांत वर्षाचं भाडं वसूल!” वहिनी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “देवीच्या रांगेत उभी असलेली बाई ब्लाऊज घालूनच आलेली असते.”

यावर दादा जरा गप्प बसला. मग मी वही घेतली. दोन भाड्यांत फरक पंचेचाळीस हजारांचा, म्हणजे दिवसाला दीड हजार. ब्लाऊजची शिलाई चारशे. अस्तर, हूक, दोरा, मदतनीस मुलीची मजुरी वजा जाता हाती दोनशे. नुसता फरक भरून काढायला रोज साडेसात ब्लाऊज जास्तीचे हवेत, आणि अर्धा ब्लाऊज कोणी शिवून घेत नाही, म्हणून आठ. वहिनी आणि ती मुलगी मिळून दिवसाला सहा शिवतात, तेही वीज गेली नाही तर. म्हणजे नाक्यावर अख्खं ठाणं दारात आलं तरी ती सहाच शिवणार आणि उरलेल्यांना “पुढच्या आठवड्यात या” सांगण्यासाठी महिन्याला पंचेचाळीस हजार मोजणार.

शिवाय ब्लाऊजवालीकडे कोणी सहज जाता जाता शिरत नाही. बाई मैत्रिणीला विचारून येते, एकदा माप द्यायला, एकदा घ्यायला आणि एकदा खांद्यात सैल झाला म्हणून भांडायला. या तिन्ही खेपांना तिला गल्ली सापडते. तिसरीला तर डोळे मिटून सापडते.

हीच वही आमच्या मेहुण्यासाठी उघडली तर उलटं निघतं. त्याला मोबाईलची कव्हरं विकायची आहेत. एका कव्हरामागे नव्वद रुपये सुटले, तर तो दीड हजारांचा फरक सतरा कव्हरांत भरून निघतो. कव्हर घ्यायचं म्हणून घरून कोणी निघत नाही. ते दिसतं म्हणून घेतलं जातं. अशा मालाला नाक्याचं भाडं परवडू शकतं आणि गल्ली स्वस्तात बुडवते.

गल्लीतल्या गाळ्याच्या मालकाने अकरा महिन्यांचा करार पुढे केला. “अकराच महिने, रजिस्ट्रेशन लागत नाही,” हे त्याचं म्हणणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधल्या कलम 55 प्रमाणे ते अकरा महिन्यांनाही लागतं. पण खरी ग्यानबाची मेख मुदतीत होती. काउंटर, कपाटं, ट्रायलचा आडोसा, लाइट मिळून दीड लाखाचा खर्च. अकरा महिन्यांनी हलावं लागलं, तर भाडं पंधरा नसून अठ्ठावीस-एकोणतीस हजार पडलं! तीन वर्षं मिळाली तर तोच खर्च महिन्याला चार हजारांवर येतो. वहिनीने तीन वर्षं मागितली आणि पाच टक्के वार्षिक वाढ कबूल केली. मधल्या काळात मालकाने उठवायचं नाही, हे करारात लिहून घेतलं.

दुकान आता गल्लीत सुरू झालं आहे. नाक्यावर बोर्ड लावायची दादाची सूचना वहिनीने फेटाळली, कारण आहेत तीच कामं उरकत नाहीत. तेव्हा नवरात्रात नवा ब्लाऊज हवा असेल, तर माप श्रावणात द्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ओळख सांगत याल, तर माझं नाव मुळीच घेऊ नका; मलाही ती रांगेतच उभं करते.