साबणकाकांचा मजकूर

ओंकारेश्वरापासून रमणबागेपर्यंतच्या टापूत, नोकरीतून निवृत्त झालेल्या परंतु ज्ञानदानातून निवृत्त होण्यास साफ नकार देणाऱ्या गृहस्थांची एक जात पूर्वापार नांदत आली आहे. त्यांच्यापैकी कोणी घड्याळे दुरुस्त करतो, कोणी शेजाऱ्यांचे व्याकरण दुरुस्त करतो. आणि अलीकडे त्यांत साबण करणाऱ्यांच्या एका पोटजातीची भर पडली आहे. या पोटजातीच्या प्रतिनिधीस आपण साबणकाका म्हणू. हयात रसायनांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत गेल्यामुळे तराजूवाचून त्यांचा कशावरच विश्वास नसतो, चहात साखर घालतानाही त्यांचा हात दशांशचिन्हापाशी थबकतो, आणि रीतसर परवाना काढलेल्या लहानशा गाळ्यात त्यांनी ओतलेला साबण खरोखरच उत्तम असतो. खोट असते ती त्या साबणाविषयी ते लिहितात त्या मजकुरात.

सुनेने इंटरनेटवर दुकान उघडून दिले आणि वस्तूचे वर्णन लिहिण्याचे काम, ज्येष्ठत्वाचा मान म्हणून, काकांकडे सोपवले. काकांनी सादर केलेला दस्तऐवज असा होता: “शीतप्रक्रियेने निर्मित. खोबरेल ४० टक्के, ऑलिव्ह तेल ५०, एरंडेल १०. दर किलो तेलास कॉस्टिक सोडा १४६ ग्रॅम (पूर्ण साबणीकरणास आवश्यक १५३). अतिरिक्त स्नेह ५ टक्के. परिपक्वता-काल ६ आठवडे. हाती कापला असल्याने कडा सरळ नसतात. त्याबाबत पत्रव्यवहार करू नये.” यातील अक्षर न् अक्षर सत्य होते, आणि शेवटचे वाक्य तर शनिवार पेठेच्या बाहेर कोणास सुचलेच नसते, परंतु हे वाचून गिऱ्हाइकाला साबण घ्यावासा वाटण्याऐवजी परीक्षेला बसल्यासारखे वाटे, आणि तो मुकाट्याने दुसऱ्या दुकानात जाई.

सूनबाई काकांशी वाद घालीत बसली नाही. तिने व्हॉट्सॲपवर आलेल्या पृच्छांचे दप्तर उघडले आणि लोक प्रत्यक्षात काय विचारतात, याची एक याद केली. खोबरेलाची टक्केवारी एकानेही विचारली नव्हती. विचारणा होती ती अंग कोरडे पडते का, बोअरच्या पाण्यात फेस होतो का आणि साबण न्हाणीघरात विरघळून जातो का, एवढ्याचीच. ती याद एका हाती आणि काकांचा दस्तऐवज दुसऱ्या हाती घेऊन ती त्यांच्यासमोर बसली आणि प्रत्येक कलमावर एकच प्रश्न विचारू लागली.

“अतिरिक्त स्नेह पाच टक्के. मग काय, बाबा?”

“मग काय म्हणजे? सात ग्रॅम कॉस्टिक मुद्दाम कमी घातला.”

“बरं, मग?”

“मग तितकं तेल साबण न होता तसंच उरतं.”

“मग?”

“अगं, मग आंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होत नाही!” काका कडाडले, आणि लगेच वैज्ञानिक सदसद्विवेक जागा होऊन म्हणाले, “होत नाही असं नको लिहूस. कमी होते, असं लिही.”

सूनबाईने तेवढेच वाक्य लिहून घेतले. वस्तूच्या गुणापासून गिऱ्हाइकाच्या अंगापर्यंतचा हा प्रवास क्वचितच एका प्रश्नात संपतो. दोनतीन पायऱ्या उतराव्या लागतात, आणि कारागीर हटकून पहिल्या पायरीवर ठाण मांडतो, कारण त्याची सारी मेहनत त्याच पायरीवर झालेली असते. सहा आठवड्यांच्या कलमाचेही असेच झाले. त्या अवधीत वडीतील पाणी उडून जाते, म्हणून ती कठीण होते, म्हणून ती ताज्या वडीसारखी झिजत नाही. खोबरेलाचा साबण कठीण पाण्यातही फेस देतो, हे काकांना प्रयोगशाळेपासून ठाऊक होते. तरी या मिश्रणात खोबरेल चाळीसच टक्के असल्याने त्यांनी बोअरच्या पाण्याची बादली मागवून स्वतः हात धुऊन पाहिले आणि “नळाच्या पाण्याइतका नव्हे, पण समाधानकारक” असा शेरा दिला. एरंडेलाने मात्र दगा दिला. “फेस टिकतो,” काका म्हणाले. “मग?” या प्रश्नावर पुष्कळ विचार करून त्यांनी उत्तर दिले, “मग तो टिकतो!” ज्या गुणाला ‘मग?’चे उत्तर नाही, त्याची रवानगी खाली घटकांच्या यादीत करावी, हा निर्णय तेव्हाच झाला.

गुणाऐवजी लाभ सांगण्याची ही रीत काही आजची नव्हे. १९१८ साली गोदरेजांनी वनस्पतिजन्य तेलांचा साबण बाजारात आणला, तेव्हा तेल हा नुसता तपशील होता. चरबीचा विटाळ मानणाऱ्या घराला तो साबण निःशंक मनाने वापरता येई, हा त्याचा लाभ. आणि दिवाळीच्या पहाटे शेजाऱ्यांची दारे ठोठावणारी मोती साबणाची जाहिरात तर तेलाचे नावही न काढता अभ्यंगस्नानाची सबंध पहाटच विकते. काकांना हे दुसरे उदाहरण अजून मान्य नाही. त्यात रसायनशास्त्र नाही, असा त्यांचा आक्षेप आहे.

पुढे मात्र पारडे फिरले. यशाने हुरूप आलेल्या सूनबाईने “इसब बरा करणारा, केमिकलविरहित, त्वचेच्या पीएचशी जुळणारा” असा मजकूर लिहिला, आणि काकांनी लाल शाईची लेखणी उचलली. साबण हे १९४० च्या कायद्याखाली सौंदर्यप्रसाधन आहे. रोग बरा करतो म्हटले की ते औषध ठरते, आणि औषधाचा परवाना आपल्याजवळ नाही, म्हणून पहिले विशेषण बाद. किलोमागे १४६ ग्रॅम कॉस्टिक घालून केमिकलविरहित म्हणणे ही शुद्ध थाप. वाळलेल्या वडीत मोकळा कॉस्टिक उरत नाही, एवढेच खरे. आणि खरा साबण अल्कधर्मीच असायचा, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, तर त्वचेचा पाचच्या आसपास. तेव्हा तिसरे विशेषणही खालसा. माझ्या मते या कामात काकांसारखा माणूस घरात असणे हे भाग्यच होय, कारण लाभ लिहिणाऱ्याची लेखणी एकदा सैल सुटली की ती थेट वैद्यकात शिरते, आणि तिला वेसण घालण्याचे काम गुणांवर प्रेम करणाऱ्या हट्टी माणसालाच जमते.

अखेर उभयतांच्या सहीशिक्क्याने मंजूर झालेला मजकूर असा: “आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखे वाटते? या साबणात थोडे तेल मुद्दाम मोकळे राखले आहे, म्हणून ते कमी जाणवते. बोअरच्या पाण्यातही फेस येतो. आम्ही पाहिले आहे. सहा आठवडे वाळवूनच विकतो, म्हणून लगेच लिबलिबीत होत नाही.” त्याखाली बारीक अक्षरांत घटक, वजन आणि टक्केवारी, ज्यांना ती हवी असते असे दुसरे काका पुण्यात कमी नाहीत. दोन आठवड्यांनी सूनबाईने पुन्हा पृच्छा तपासल्या, तेव्हा कोरड्या अंगाविषयीचा प्रश्न कोणी विचारीनासे झाले होते आणि त्या जागी “दोन वड्या पाठवा” असे निरोप दिसू लागले होते. मजकूर लागू पडल्याची याहून निराळी खूण नसते.

कडांविषयीचे वाक्य मात्र काकांनी सोडले नाही. तेव्हा वाचकांनी हा साबण जरूर घ्यावा, जाळीच्या साबणदाणीत ठेवावा, पाणी निथळू द्यावे. आणि कडा वाकड्या निघाल्यास पत्रव्यवहार करू नये.