गाभोळी, मीठ आणि सोलापूरचं ऊन

सोलापूरचा माणूस मासे खातो हे ऐकलं की कोकणातला माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग सहानुभूतीने विचारतो, "तळ्यातले का?" सोलापूरकर यावर चिडत नाही. समुद्र अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे असला तरी उजनी जिल्ह्यातच आहे. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं आणि तेव्हापासून रोहू, कटला, मृगळ आणि चिलापी ही मंडळी सोलापूरच्या बाजारात नियमाने हजर असतात. मटणाचा मान मोठा, हे खरं. पण मृग लागायच्या सुमाराला बाजारात रोहूच्या माद्या गच्च पोटाने येतात, आणि मासे कापणारा पोट चिरून, सुरी तशीच हातात धरून विचारतो, "अंडी ठेवू का वो मालक?"

या प्रश्नावर गिऱ्हाइकांचे दोन तट पडतात. एक तट "मांजराला टाका" म्हणतो. दुसरा तट मासा राहिला तरी चालेल, पण अंडी द्या म्हणतो. जुळे सोलापुरात राहणारे एक निवृत्त गृहस्थ या दुसऱ्या तटाचे कट्टर सभासद आहेत. सोलापूरभर सगळे 'अंडी' म्हणत असताना ते एकटे 'गाभोळी' म्हणतात, कारण सासुरवाडी अलिबागची. आणि गाभोळी वेगळी, माशाची अंडी वेगळी, यावर ते कुणाशीही, कितीही वेळ वाद घालू शकतात.

वाद घालण्याची हौस बाजूला ठेवली, तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गाभोळी म्हणजे मादीच्या पोटातला अंडाशय, पातळ पडद्याच्या पिशवीसकट, अंडी बाहेर पडण्याआधी काढलेला. रोहूत अशा दोन लांबट पिशव्या असतात, आणि दोन किलोच्या भरलेल्या मादीत त्यांचं वजन सहज पाव किलोच्या वर जातं. एकेक दाणा खसखशीपेक्षा जरा मोठा. रोहूच्या मादीत किलोमागे दोन-तीन लाख दाणे असतात, त्यामुळे ही गाभोळी जेवायला बसलेला माणूस एका बैठकीत एखाद्या तालुक्याची लोकसंख्या संपवतो.

हाच दाणा पाण्यात पडला की त्याचं खातं बदलतं. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून पावसाळ्यात धरणातले मासे नदीच्या अंगाला वर सरकतात. अंडी बाहेर पडून फळली की दाणा पाणी ओढून घेतो, बाहेरचा पापुद्रा सुटून ताठ होतो आणि सव्वा-दीड मिलिमीटरचा दाणा चार-पाच मिलिमीटरचा पारदर्शक गोळा होतो. आत चव देणारा बलक तेवढाच, बाकी सगळं पाणी. वीस तासांच्या आत त्यातून पिल्लू बाहेर पडतं. अशी अंडी कुणी तळत नाही. ती मत्स्यबीज केंद्राच्या कामाची. तिथे त्यांतून निघालेल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, आणि ते विकत घेणारा शेततळ्यात सोडतो, फोडणीत नव्हे.

या केंद्रांना पुराची वाट पाहावी लागत नाही, याचं श्रेय हिरालाल चौधुरी यांचं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बांधलेल्या पाण्यात अंडी घालायला लावलं. म्हणून 10 जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन असतो. आमचे गृहस्थ त्या दिवशी न चुकता गाभोळी खातात. यात औचित्यभंग होतो असं त्यांना सुचवून पाहिलं गेलं आहे.

चिलापीने मात्र त्यांच्या सिद्धांताची परीक्षाच घेतली. चिलापीची मादी घातलेली अंडी फळल्यावर तोंडात घेते आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत, दहा-बारा दिवस, जवळजवळ उपाशी राहून सांभाळते. जाळ्यात सापडली की बहुतेक वेळा ती अंडी थुंकून टाकते, पण एखादीच्या तोंडात पिवळसर, चांगले ठसठशीत दाणे राहून जातात. एकदा अशीच चिलापी घरी आली. सौभाग्यवतींनी जबडा उघडला आणि विचारलं, "अहो, ही गाभोळी तोंडात कशी आली?" गृहस्थांनी चष्मा लावून निकाल दिला की पोटातली ती गाभोळी, तोंडातली ती पोरं. ती खायची नसतात. त्या दिवशी घरात चिलापीही शिजली नाही, कारण इतकं ऐकल्यावर सौभाग्यवतींचा हात चालेना.

गाभोळी निवडताना वेळ ओळखावी लागते. अंडाशय बारीक, गुलाबी आणि आत दाणे दिसत नसतील, तर ती कोवळी. तळली की चिवट पीठ होते. पडद्यातून दाणा न् दाणा वेगळा दिसतो, पिशवी बोटाला घट्ट लागते, ती योग्य. पोट नुसतं दाबल्यावर दाणे ओघळू लागले, तर उशीर झाला; ती शिजवताना पाणी सोडते. आणि पिशवी लोंबती, लालसर, रिकामी असेल, तर नदीने आधीच आपला वाटा घेतलेला असतो.

आता मिठाचं. जगात गाभोळीला मीठ लावण्याच्या मुख्य दोन रीती आहेत. पहिलीत दाणे पिशवीतून सोडवतात. पिशवी दाण्यापेक्षा मोठ्या भोकांच्या चाळणीवर हलक्या हाताने फिरवली की दाणे खाली पडतात आणि पडदा वर राहतो. मग बर्फगार पाण्याने धुवायचं, निथळायचं, वजन करायचं आणि मीठ मिसळायचं. स्टर्जन नावाच्या माशाच्या दाण्यांना असं मीठ लावलं की ते कॅव्हिआर. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात मीठ शंभर ग्रॅमला तीन ते पाच ग्रॅम असावं लागतं, आणि स्टर्जनखेरीज इतर माशाच्या दाण्यांना नुसतं कॅव्हिआर म्हणता येत नाही. म्हणजे उजनीचा रोहू कितीही मोठ्या घरचा असला तरी हा किताब त्याला मिळणार नाही. मात्र ग्रीसमध्ये कार्पची, म्हणजे रोहूच्याच गोतातल्या माशाची, गाभोळी भरपूर मीठ घालून टिकवतात आणि भिजवलेला पाव, लिंबू व तेल घालून तिची चटणी घोटतात.

दुसऱ्या रीतीत पिशवी अख्खी ठेवतात. भूमध्य समुद्राकाठी यासाठी जो मासा लागतो तो आपल्या खाडीतला बोई. पिशव्या न फाटता काढायच्या, शिरांतलं रक्त सुईने टोचून दाबून काढायचं, कारण ते राहिलं की काळं पडतं आणि कडवट लागतं. मग जाड मिठात आकाराप्रमाणे काही तासांपासून काही दिवस, धुऊन फळ्यांमध्ये दाब, आणि थंड वाऱ्यात आठवडे-दोन आठवडे किंवा जास्त वाळवण. ग्रीसमध्ये मेसोलोंगीला ती वर मेणात बुडवतात. इटलीत तिला बोत्तार्गा म्हणतात, जपानात कारासुमी. खाताना पातळ काप काढायचे किंवा गरम पदार्थावर किसायची.

हे ऐकून आमच्या गृहस्थांना स्वाभाविकच गच्ची आठवली. ज्या गच्चीवर मे महिन्यात कुरडया दुपारपर्यंत खडखडीत होतात, तिथे गाभोळी वाळायला आठवडे कशाला हवेत? मिठातून काढलेल्या रोहूच्या दोन पिशव्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, पातळ फडक्याखाली, पापडांच्या शेजारी मांडल्या गेल्या. संध्याकाळी त्या वरून लाकडासारख्या वाजत होत्या. गृहस्थ खूष. शेजारचं मांजर, जे दिवसभर पाण्याच्या टाकीवर बसून होतं, तेही खूष.

काप काढताच आतून पिवळा लगदा आणि आंबूस वास आला. कारण साधं आहे. कडक उन्हात बाहेरचा थर इतक्या लवकर सुकतो की आतल्या ओलाव्याला बाहेर यायची वाट राहत नाही. बाहेर कवच, आत ऊब आणि ओल, म्हणजे जंतूंची सोय झाली. शिवाय गाभोळीत तेल असतं, ते उन्हात खवट होतं. ज्या उन्हाच्या जोरावर सोलापूर वर्षभराचे सांडगे करतं, ते ऊन इथे जास्त पडतं. तेव्हापासून या घरात "पापड गाभोळीचा वास देतोय" हे वाक्य पाहुण्यांना उगाच गोंधळात टाकतं.

म्हणून सोलापूरसाठी फ्रीजरची रीत बरी. कमी मिठाची गाभोळी शून्याच्या आसपासच टिकते. आपल्या घरचा फ्रीज चार ते आठ अंशांवर असतो आणि वीज गेली की त्याहून वर. हवाबंद डब्यात, थोड्या मिठात, तीन-साडेतीन अंशांच्या वर बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि त्याला वास नसतो. तेव्हा "हुंगून बघा" हा घरगुती कायदा इथे लागू होत नाही. तीनशे ग्रॅम पिशव्यांना चार टक्क्यांनी बारा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे मीठ चोळायचं, रात्रभर फ्रीजच्या तळाला चाळणीत निथळू द्यायचं आणि सकाळी शिजवायचं, किंवा हवा काढून पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये टाकायचं. गोठल्यावर बरेच दाणे फुटतात, तेव्हा ती नंतर सुटी वाढण्याच्या कामाची राहत नाही. तळायला मात्र चालते. गोड्या पाण्यातल्या माशांत परजीवी असू शकतात, म्हणून कच्ची खायचा विचारच नको.

शिजवतानाही गाभोळी स्वभाव दाखवते. सरळ तव्यावर टाकली की पडद्यात कोंडलेली वाफ पिशवी फोडते आणि दाणे तेलासकट ओट्यापासून दिनदर्शिकेपर्यंत उडतात. म्हणून आधी पडद्याला सुईने दोन-चार ठिकाणी टोचायचं, फडक्यात सैल बांधून हळदीच्या पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवायचं, गार झाल्यावर बोटभर जाड वड्या कापायच्या, काळा मसाला आणि लिंबू लावून रव्यात घोळवून कमी तेलात परतायच्या. मीठ परत घालायचं नाही. जास्त खारवलेली असेल तर उलट अर्धा तास पाण्यात ठेवायची.

कॅव्हिआर म्हणे शिंपल्याच्या चमच्याने वाढतात, कारण चांदीचा चमचा चवीत ढवळाढवळ करतो. उघडलेला डबा दोन-तीन दिवसांत संपवावा असाही नियम आहे. जुळे सोलापुरात स्टीलचं ताट असतं, कडक भाकरीचा तुकडा हाच चमचा, शेजारी कांदा आणि शेंगाचटणी, आणि सात माणसांत वड्या अकरा. दोन-तीन दिवसांचा नियम तिथे कुणाला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की उरलेल्या चार वड्यांवर पहिला हक्क अलिबागहून आलेल्या मेहुण्यांचा असतो, आणि ते "तळ्यातली का?" असं म्हणत दोन उचलतात.