पहाटेची गाडी, दुपारची खोली

रात्रीच्या गाडीने चिपळूणला पहाटे उतरायचं आणि पोफळीतली दुपारी बाराची खोली पहाटेच मागायची, हा प्रकार आता थांबायला हवा. खोली मिळाली नाही की घरमालकाला नावं ठेवली जातात. पण खोली कधी मिळणार हे बुकिंगच्या पावतीवर छापलेलं असतं. त्या पावतीचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर फिरतो, सगळे अंगठा दाखवतात आणि चेक-इनची ओळ कुणीच वाचत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुंबईचं तिघांचं कुटुंब: आई, वडील आणि सात वर्षांची मुलगी. स्क्रीनशॉटवर चेक-इन शनिवार 27 डिसेंबर, दुपारी 12 ते रात्री 10. चेक-आउट सोमवार 29 डिसेंबर, सकाळी 10 पर्यंत. एक खोली, दोन रात्री. तिकीट शुक्रवारी रात्री सुटणाऱ्या कोकणकन्येचं. म्हणजे शनिवारी उजाडायच्या आत चिपळूण. तिथून कराड रस्त्याने कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी साधारण वीस किलोमीटर. स्टेशनवर थोडं थांबून निघाली तरी साडेपाच-सहालाच मंडळी घराच्या फाटकाशी उभी, आणि पुढचे सहा तास सामान घेऊन ओटीवर.

आता घरमालकाच्या बाजूने बघा. पोफळीत चाळीस खोल्यांची हॉटेलं नाहीत. घरगुती निवासात दोन-तीन खोल्या असतात आणि नाताळच्या आठवड्यात त्या शुक्रवारी रात्रीही भरलेल्या असतात. आधीचे पाहुणे दहाला निघणार, मग चादरी बदलायच्या, न्हाणीघर धुवायचं, केर काढायचा, आणि हे सगळं बहुधा घरातलीच एक बाई करते. बाराची वेळ त्या कामातून आलेली आहे. पहाटे सहाला त्या खोलीत दुसरं कुटुंब झोपलेलं असतं. त्यांना उठवून कुणी तुम्हाला खोली देणार नाही, आणि देऊही नये.

म्हणून पावती हातात आली की सगळ्यात आधी तारीख आणि गाडी शेजारी शेजारी ठेवा. शनिवारी पहाटे खोली हवी असेल तर ती शुक्रवारच्या रात्रीत मोडते. पहाटे पाचला पोचणारा माणूस शनिवारी लवकर आला असं आपल्याला वाटतं. बुकिंगच्या हिशोबात तो शुक्रवारी फार उशिरा आलेला असतो. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर शुक्रवारची रात्रही घ्या, पैसे जास्त गेले तरी. पण तिथे दुसरी अडचण आहे, आणि ती जास्त महागात पडते. पावतीवर चेक-इन रात्री दहापर्यंत लिहिलेलं असतं. शुक्रवारी रात्री दहापर्यंत कुणी आलं नाही, फोनही नाही, म्हणजे पाहुणे आलेच नाहीत अशी नोंद होऊ शकते, आणि त्या नोंदीबरोबर पुढच्या रात्रीही रद्द होऊ शकतात. तुम्ही तेव्हा गाडीत झोपलेले असता. तेव्हा जादा रात्र घेतली असली तरी पहाटे येणार हे लेखी कळवावंच लागतं. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीत तर तारीखच बदललेली असते; दादरहून बाराच्या ठोक्यानंतर निघणाऱ्या तुतारीचं तिकीट काढताना लोक हमखास एक दिवस चुकतात.

बाकीचं वाचायला दोन मिनिटं पुरतात. पत्त्यात चिपळूण तालुका, रत्नागिरी जिल्हा आहे ना ते बघा. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळही एक पोफळी आहे. माणसं किती लिहिली आहेत, मुलाचं वय धरलं आहे का, पैसे भरले आहेत की तिथे जाऊन द्यायचे आहेत, फुकट रद्द करायची मुदत कधीपर्यंत, हे स्क्रीनशॉटच्या खालच्या भागात असतं आणि बहुतेक स्क्रीनशॉट नेमके त्याच्या वर कापलेले असतात. बुकिंग करताना ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लवकर येणार असं लिहिलं असेल, तर त्यावर विसंबू नका. ती विनंतीच राहते, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत तिला काही अर्थ नाही. बुकिंगचा पिन असलेला भाग मात्र ग्रुपवर टाकू नका.

मग निरोप. ‘आम्ही जरा लवकर येऊ, चालेल ना?’ असा निरोप पाठवलात तर कोकणातला घरमालक ‘या की’ म्हणणारच. पण हा होकार तुमच्या येण्याला असतो, खोलीला नसतो. वेळ, माणसं आणि नेमकं काय हवंय हे तिन्ही लिहा, म्हणजे त्यालाही नेमकं उत्तर देता येतं. वरच्या कुटुंबाने असं लिहावं:

‘नमस्कार. शनिवार 27 ते सोमवार 29 डिसेंबर, एक खोली, दोन मोठे आणि सात वर्षांची मुलगी, असं आमचं तुमच्याकडे बुकिंग आहे. चेक-इन दुपारी 12 चं आहे हे माहीत आहे. आमची गाडी शनिवारी पहाटे चिपळूणला येते, त्यामुळे आम्ही सहाच्या सुमारास पोफळीत पोचू. तीन गोष्टी कळवाल का? खोली बाराच्या आधी रिकामी होणार असेल तर किती वाजता मिळेल आणि त्याचे वेगळे पैसे किती? नाही मिळाली तर सामान ठेवायला, आंघोळीला आणि मुलीला तासभर आडवं व्हायला जागा होईल का? चहा-नाश्ता किती वाजल्यापासून मिळतो? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, आम्ही चिपळूणला थांबून बारालाच येऊ.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे समोरच्याला संकोच न करता नाही म्हणता येतं, आणि पहाटे फाटकाशी ऐकलेल्या नकारापेक्षा दोन दिवस आधी आलेला नकार केव्हाही बरा.

हा निरोप ज्या ॲपवर बुकिंग केलं तिथल्या संदेशात पाठवा, म्हणजे नोंद राहते, आणि तोच पावतीवरच्या नंबरवरही पाठवा, कारण गावातला माणूस ॲप दिवसातून कितीदा उघडेल याचा भरवसा नाही. निदान दोन दिवस आधी पाठवा. उत्तर आलं नाही तर होकार समजू नका, फोन लावा. फोनवर जे ठरेल ते एका ओळीत परत लिहून पाठवा: ‘सामान आणि आंघोळ सहाला, खोली अकराला, जादा तीनशे, बरोबर ना?’ पैशावरून होणारे वाद या एका ओळीने टळतात.

स्टेशन वालोप्याला, शहराबाहेर आहे. पहाटे तिथून पोफळीला रिक्षा किंवा गाडी कोण आणेल, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. घरमालकाच्या ओळखीचा गाडीवाला असतोच, आणि त्याला घराची खूण सांगावी लागत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र हाताशी ठेवा. परदेशी पासपोर्टवरचे नातेवाईक बरोबर असतील तर ते आधीच सांगा, कारण त्यांची ऑनलाइन नोंद घरमालकाला 24 तासांच्या आत करावी लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा पोचायची वेळ उन्हाळ्याच्या आठवणीवरून लिहू नका. आणि गाडीला उशीर होतोय असं दिसलं तर तेही कळवा. तुमच्यासाठी पाच वाजता कुणीतरी उठून पाणी तापवायला ठेवणार असतं.

पुढच्या शनिवारचं बुकिंग झालं असेल तर स्क्रीनशॉट आत्ता उघडा, चेक-इनची ओळ तिकिटाशी ताडून बघा आणि निरोप आजच पाठवा.